लघवी गडद झाली: ऊन, बीट, औषध की कावीळ?

एप्रिल-मेमध्ये लघवी गडद पिवळी होते. हे उन्हामुळेच ना?

बहुतेक वेळा हो. घामावाटे पाणी गेलं की मूत्रपिंड शरीरातलं उरलेलं पाणी राखून ठेवतात. लघवीतला नेहमीचा पिवळा रंग तेवढाच असतो, पण तो थोड्या पाण्यात उतरतो आणि म्हणून दाट दिसतो. सकाळची पहिली लघवीही याच कारणाने गडद असते. रंगाबद्दल शंका असेल तर ती लघवी पाहून काही ठरवू नका.

पडताळा सोपा आहे. सावलीत बसा, तासाभरात दोन-तीन ग्लास पाणी प्या. घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात ओआरएसचं एक मोठं पाकीट विरघळवून ते घोट घोट प्या. त्यानंतरच्या दोन लघव्या बघा. कारण नुसतं ऊन असेल तर दुसऱ्या लघवीपर्यंत रंग स्पष्टपणे उतरतो, आणि लघवीचं प्रमाणही वाढतं. ज्यांना हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या किंवा यकृताच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्यांनी मात्र हा प्रयोग करू नये. त्यांनी सरळ डॉक्टरांना विचारावं.

उन्हाचंच कारण असूनही दवाखाना गाठावा लागतो, असे दोन प्रसंग आहेत. पाणी पिऊनही आठ तासांत लघवीच झाली नाही, हा पहिला. दुसरा म्हणजे उन्हात अंगमेहनतीचं काम केल्यावर मांड्या-दंड ठणकू लागले आणि लघवी कोलासारखी काळपट झाली. यात स्नायूंचा चुरा रक्तात उतरलेला असतो आणि तो मूत्रपिंडाला इजा करतो. त्यासाठी त्याच दिवशी रक्त तपासून सलाईन लागू शकतं.

दोन दिवस भरपूर पाणी पितोय, तरी रंग जात नाही. आता?

आता ऊन हे कारण बाजूला ठेवा आणि पित्ताचा विचार करा. या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. गोव्यात काविळीचे कितीतरी रुग्ण पहिले तीन-चार दिवस "ऊन बाधलं" म्हणून घरीच असतात.

जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की त्यातून बिलीरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पाण्यात विरघळेल अशा रूपात आणतं आणि पित्तनळीतून आतड्यात सोडतं. यकृताला सूज आली किंवा नळी तुंबली की हे विरघळणारं बिलीरुबिन आतड्याकडे न जाता मागे रक्तात येतं, आणि तिथून लघवीत उतरतं. निरोगी माणसाच्या लघवीत ते सापडतच नाही म्हटलं तरी चालेल.

पित्ताचा रंग नुसता दाट पिवळा नसतो, त्यात तपकिरी झाक असते. कोऱ्या चहाचा रंग डोळ्यांसमोर आणा. खूप पाणी प्यालं तर हा रंगही थोडा फिका होतो, आणि इथेच माणूस फसतो: "जरा उतरला की!" पण तपकिरी झाक राहतेच, आणि पाणी कमी झालं की रंग पुन्हा दाटतो. पारदर्शक बाटलीत थोडी लघवी घेऊन हलवून बघा. एरवी फेस पांढरा येतो, पित्त असेल तर पिवळा. ही घरगुती खूण आहे, पक्की तपासणी नव्हे. फेस पांढरा आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

पण डोळे तर पांढरेशुभ्र आहेत. मग कावीळ कशी असेल?

असू शकते. विरघळणारं बिलीरुबिन रक्तात थोडं वाढलं तरी मूत्रपिंड ते लगेच बाहेर टाकू लागतं. डोळे पिवळे दिसायला रक्तातलं एकूण बिलीरुबिन साधारण अडीच ते तीन मिलीग्रॅमपर्यंत चढावं लागतं (नेहमीची मर्यादा साधारण एक-सव्वा). त्यामुळे लघवी आधी बोलते, डोळे एक-दोन दिवसांनी. डोळे बघायचे तर दिवसाच्या उजेडात, दाराशी उभं राहून, खालची पापणी ओढून बघा. पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही.

उलट प्रकारही असतो. काहींचे डोळे उपासानंतर किंवा तापात किंचित पिवळे होतात, पण लघवी नेहमीसारखीच राहते. तेव्हा वाढलेलं बिलीरुबिन न विरघळणाऱ्या जातीचं असतं आणि ते मूत्रपिंडातून गळत नाही. दाखवायला यावं, पण रात्री धावपळ करण्याची गरज नाही.

डॉक्टर संडासचा रंग का विचारतात? सांगायला लाज वाटते.

कृपा करून सांगा. एवढ्या एका माहितीवर पुढच्या तपासण्यांची दिशा ठरते. शौचाला येणारा तपकिरी रंग आतड्यात उतरणाऱ्या पित्तामुळे असतो. पित्त आतड्यात पोचलंच नाही तर शौच फिकट, राखाडी, ओल्या चिकणमातीच्या रंगाची होते. लघवी गडद आणि शौच फिकट ही जोडी दिसली की पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे. ती सुजलेल्या यकृतातच अडलेली असेल किंवा पुढे नळीत, खड्याने किंवा गाठीने.

साठीच्या पुढच्या माणसाला पोटात न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज सुटली, वजन उतरत गेलं, तर स्वादुपिंडाची किंवा पित्तनळीची गाठ आहे का हे बघावंच लागतं. "दुखत नाही म्हणजे साधी असेल" ही समजूत इथे घातक ठरते. याउलट थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि गडद लघवी हे तिन्ही एकत्र आले तर पित्तनळीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. ते तातडीचं आहे, त्याच रात्री इस्पितळ गाठा.

प्रत्यक्षात हे कसं घडतं, ते एखाद्या उदाहरणाने सांगाल?

सत्तरी तालुक्यातला तिशीचा माणूस धरा. काजूचा हंगाम, सकाळपासून बागायतीत बोंडू गोळा करायचे, दुपारी भट्टीजवळ. सोमवारी अंग मोडून आलं, थोडा ताप. मंगळवारी जेवणावरची वासना गेली. एरवी आवडीची हुमणाची आमटी समोर आली आणि वासानेच मळमळलं. सिगरेट ओढणाऱ्याला सिगरेटही नकोशी होते, ही यकृताच्या सुजेची जुनी खूण आहे. बुधवारी लघवी गडद झाली. बायकोने ताक दिलं, नारळपाणी दिलं. गुरुवारीही लघवी तशीच, आणि सकाळची शौच फिकट. शुक्रवारी बहीण आली आणि म्हणाली, "डोळे पिवळे दिसतात रे तुझे." तेव्हा तो आरोग्य केंद्रावर पोचला.

लघवीच्या पट्टीवर बिलीरुबिन आलं. रक्तात एकूण बिलीरुबिन ४.८, त्यातलं विरघळणारं ३.६. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींतलं एक द्रव्य, जे रक्तात साधारण चाळीसच्या आत असायला हवं, ते १६०० च्या वर. एवढं एसजीपीटी तुंबलेल्या नळीपेक्षा यकृताच्या पेशींना झालेली इजा सुचवतं. हिपॅटायटिस ए ची आयजीएम चाचणी पॉझिटिव्ह आली. हा विषाणू दूषित पाण्यातून आणि अन्नातून येतो, आणि शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात. म्हणून "काल बाहेर जेवलो" याला अर्थ नाही. महिन्यापूर्वी पाणी कुठलं प्यालं, ते आठवावं लागतं.

मात्र पहिल्या दिवशी डॉक्टरांचं सगळ्यात जास्त लक्ष होतं ते आयएनआरवर, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीवर. रक्त गोठवणारी द्रव्यं यकृत बनवतं. बिलीरुबिन कितीही असो, आयएनआर वाढत चालला असेल तर यकृत थकतंय असा अर्थ होतो. याचा १.१ होता, म्हणून घरी राहून उपचार करता आले. पुढच्या आठवड्यात बिलीरुबिन सातवर चढलं आणि घरचे घाबरले, पण एसजीपीटी उतरत होतं, भूक परतली होती आणि आयएनआर जागेवर होता. म्हणजे गाडी वळली होती.

मग आणखी एक गोष्ट झाली, जी दरवेळी गोंधळात टाकते. लघवी स्वच्छ झाली, तरी डोळे पुढे बरेच दिवस पिवळे राहिले. काही बिलीरुबिन रक्तातल्या प्रथिनाला घट्ट चिकटून बसतं. ते लघवीत उतरत नाही आणि प्रथिन झिजेल तसं हळूहळूच जातं. त्यामुळे बरं होताना लघवी आधी सुधारते आणि डोळे मागाहून. रेंगाळणाऱ्या पिवळेपणामुळे औषध बदलू नका.

गावठी औषध घेतलं तर?

आमच्याकडे दर गावात काविळीचं औषध देणारं कोणी ना कोणी असतं, आणि त्याच्याकडे जाणाऱ्यांचा विश्वास मनापासूनचा असतो. हिपॅटायटिस ए बहुतेकांमध्ये आपोआप बरा होतो, त्यामुळे त्या काळात जे काही घेतलं त्याला यश मिळतं. अडचण दोन ठिकाणी येते. नळीत खडा किंवा गाठ असेल तर त्यात मोलाचे आठवडे जातात. आणि आधीच सुजलेल्या यकृतावर अनोळखी पाल्याचा किंवा भस्माचा भार पडतो. कोणाकडे जायचं ते तुम्ही ठरवा, पण आधी रक्त तपासून घ्या आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना लपवू नका.

हळद, तेल बंद करून नुसत्या उसाच्या रसावर राहायचं कारण नाही. रस्त्यावरच्या रसातला बर्फ हेच उलट जंतूंचं घर असू शकतं. पेज, भात, आमटी, झेपेल ते खा. हुर्राक, फेणी, बिअर, सगळं बंद ठेवा, डॉक्टर सांगेपर्यंत. तापाची गोळी किती घ्यायची तेही त्यांनाच विचारा, कारण पॅरासिटामॉल जास्त झालं तर यकृतालाच बाधतं.

रुग्ण दिवसा झोपाळू झाला, असंबद्ध बोलू लागला, हिरड्यांतून रक्त आलं किंवा उलट्या थांबेनात, तर एका तासाचीही वाट न बघता १०८ बोलवा. गरोदर बाईला कावीळ झाली तर यातलं एकही लक्षण नसताना त्याच दिवशी इस्पितळात न्या. हिपॅटायटिस ई गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, जीवावर बेततो.

पावसाळ्यात तापाबरोबर लघवी गडद झाली. तीच कावीळ का?

ती असू शकते, पण गोव्याच्या पावसाळ्यात लेप्टोचा विचार आधी करावा. शेतात किंवा कुळागरात साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं आणि जंतू पायाच्या जखमेतून शिरतात. अचानक चढलेला ताप, पोटऱ्या दाबल्या तरी ओरडावंसं वाटेल इतक्या दुखतात, डोळे लाल पण चिकट नाहीत, आणि चार-पाच दिवसांनी कावीळ. हिपॅटायटिस ए मध्ये कावीळ दिसू लागली की ताप बहुधा ओसरतो. इथे ताप आणि कावीळ एकत्र नांदतात, आणि लघवी कमी होत जाते, कारण मूत्रपिंडही सापडलेलं असतं. डॉक्टरांना "मी शेतात होतो" हे वाक्य पहिल्यांदा सांगा. लेप्टोवर अँटिबायोटिक आहे आणि ते लवकर सुरू झालं तर उपयोग मोठा.

तपासणीला लघवी कशी द्यायची?

लॅबची स्वच्छ डबी घ्या. सुरुवातीची धार सोडून मधली भरा आणि दोन तासांच्या आत पोचवा. बिलीरुबिन उजेडात मोडतं. डबी स्कूटरच्या पुढच्या जाळीत उन्हात ठेवून वाळपईहून म्हापशाला नेली तर खरी कावीळ असूनही पट्टी कोरी येऊ शकते. कागदात गुंडाळून पिशवीत ठेवा. मासिक पाळी चालू असेल तर तसं सांगा, नाहीतर लघवीत रक्त आहे असा अहवाल येईल. बाटलीत न भरता फक्त मोबाईलवर फोटो दाखवणारेही पुष्कळ. फोटोतला रंग प्रकाशाप्रमाणे बदलतो, त्यावर निदान करता येत नाही.

टीबीच्या गोळ्या सुरू केल्या आणि लघवी नारिंगी झाली. घाबरायचं का?

त्या रंगाला घाबरू नका. रिफाम्पिसिन हे औषधच तांबडं-नारिंगी आहे. पहिल्याच डोसनंतर काही तासांत लघवीत उतरतं, घामात आणि अश्रूंतही येतं, कॉन्टॅक्ट लेन्स कायमची रंगवून टाकतं. डोस घेतल्यावर रंग उठतो आणि पुढच्या डोसच्या वेळेपर्यंत उतरतो.

जपायचं ते पुढे. याच गोळ्यांतली आयसोनियाझिड, पायराझिनामाइड आणि खुद्द रिफाम्पिसिन यकृताला बाधू शकतात, आणि हे बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांत होतं. रोज नारिंगी बघायची सवय झालेल्या माणसाला लघवी तपकिरी झालेली लक्षात येत नाही. म्हणून इथे रंगापेक्षा बाकीच्या खुणा धरा: जेवण नकोसं होणं, मळमळ, उलटी, उजव्या बरगडीखाली जडपणा, डोळे पिवळे. आणि दिवसभरात रंग न उतरता गडदच राहणं. असं काही झालं तर पुढचा डोस घेण्याआधी त्याच दिवशी उपचार केंद्राला गाठा. गोळ्या थांबवायच्या का, आणि नंतर एकेक करून पुन्हा कशा सुरू करायच्या, ते तेच ठरवतील. मनानेच कायमच्या सोडल्या तर टीबी उलटतो, आणि औषधांना दाद न देणारा होऊ शकतो. या काळात दारू घेऊ नका, हे मी प्रत्येकाला हात धरून सांगतो.

आणखी कुठल्या औषधांनी रंग बदलतो?

बी-कॉम्प्लेक्सने लघवी झगझगीत पिवळी होते. लघवीच्या जळजळीवर दिलं जाणारं फेनाझोपायरिडिन नारिंगी करतं. मेट्रोनिडाझोल आणि नायट्रोफ्युरँटोइनने तपकिरी झाक येऊ शकते. औषध संपलं की रंग जातो.

एक वेगळं. मलेरियानंतर प्रायमाक्विन चालू असताना लघवी काळपट तांबडी झाली, दम लागू लागला, चेहरा फिका पडला, तर गोळी थांबवून तातडीने इस्पितळात जा. जी-सिक्स-पीडी हे द्रव्य ज्यांच्या रक्तात जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटतात आणि त्यांचा रंग लघवीत येतो. ही कमतरता आधी तपासून मगच प्रायमाक्विन द्यावं.

बीट खाल्लं आणि लघवी गुलाबी झाली. किती वेळ वाट बघू?

अठ्ठेचाळीस तास, आणि तेवढ्यात पुन्हा बीट खाऊ नका. साधारण १० ते १४ टक्के लोकांमध्ये बीटचा रंग लघवीत उतरतो. ज्यांच्या अंगात लोह कमी आहे त्यांच्यात जास्त वेळा. दरवेळी बीट खाल्ल्यावर असं होत असेल आणि थकवाही असेल तर हिमोग्लोबिन बघून घ्या. लाल गराचं ड्रॅगन फ्रूट हेच करतं. सोलकढीच्या माथी मात्र दोष मारू नका, कोकमाच्या रंगाने सहसा लघवी लाल होत नाही.

दोन दिवसांनीही लाली असेल, किंवा बीट खाल्ल्याचं नक्की आठवत नसेल, तर लघवी तपासा. बीटच्या रंगावर पट्टीतला रक्ताचा चौकोन बदलत नाही आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी दिसत नाहीत. पाच मिनिटांत गुंता सुटतो.

एकदाच लाल झाली, दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी साफ. विसरून जाऊ?

नाही. बीट किंवा औषध नसताना लघवी एकदा जरी लाल दिसली, तरी दाखवा. मूतखडा आणि जंतुसंसर्ग यांत बहुधा दुखतं. मूत्राशयाच्या कर्करोगाचं रक्त न दुखता येतं, आणि मधले कित्येक दिवस बंदही असतं. पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, विशेषतः तंबाखू ओढणाऱ्यांनी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, युरोलॉजी विभाग आहे. लाल लघवीत गाठी येऊन धार अडली तर मात्र ओपीडीची वाट न बघता तातडीच्या विभागात जा.

तान्ह्या बाळाचं दुपटं पिवळं होतं, ते चालतं का?

नवजात बाळाची लघवी जवळजवळ बिनरंगी असायला हवी, दुपट्यावर डाग पडू नये. पहिल्या आठवड्यातल्या नेहमीच्या काविळीत बाळाची कातडी पिवळी दिसते, पण लघवी फिकीच राहते. बाळ दोन आठवड्यांचं झालं तरी पिवळं आहे, लघवीने दुपटं गडद पिवळं होतंय आणि शी पांढरट येतेय, असं असेल तर पित्तनळी तयारच न झाल्याची शंका घ्यावी लागते. बाळ हसतं, दूध पितं, वजनही घेतं, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण यावरची शस्त्रक्रिया साधारण साठ दिवसांच्या आत झाली तरच पित्त वाहतं होण्याची आशा चांगली असते. कोवळं ऊन दाखवत बसू नका. विरघळणारं बिलीरुबिन वेगळं मोजायला सांगा, आणि शीचं दुपटं घडी करून सोबत घेऊन जा. डॉक्टरांना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या.